पुड्याची मागची बाजू

पुण्यातल्या एका वृद्धनिवासाची कोठी मी सांभाळते. स्वयंपाकघर शाकाहारी. राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मधुमेह आहे, काही जैन आजी-आजोबा आहेत, आणि चातुर्मास किंवा कडक उपास पाळणारेही आहेत. धान्य, डाळी, भाजी, दूध यांची फारशी पंचाईत नसते. तांदूळ दिसतो तसाच असतो. पंचाईत असते ती बंद पाकिटांची: बिस्किटं, खाकरे, सूपची पावडर, मसाले, सॉस, प्रोटीन पावडर, चारच्या चहाबरोबर द्यायच्या वड्या. आत काय आहे हे पाकीट फोडून चाखलं तरी कळत नाही. ते फक्त मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि ते वाचणं हे माझं काम आहे. वाचून जे आमच्या नियमात बसत नाही ते परत पाठवायचं, हेही माझंच काम.

हे काम हाती घेतलं तेव्हा लोक मला सांगायचे, हिरवा ठिपका बघायचा, झालं. सामान देणारेही तेच सांगतात. ठिपका महत्त्वाचा आहेच. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असला की कायद्याने तो पदार्थ शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असला की मांसाहारी. पूर्वी तिथेही गोलच असायचा, पण ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांची फसगत व्हायची, म्हणून २०२०च्या लेबलिंगच्या नियमांनी त्रिकोण आणला. आमच्याकडे मोतीबिंदू झालेले आजोबाही आता पाकीट हातात घेऊन आकार विचारतात, रंग विचारत नाहीत.

पण ठिपका कशाचं उत्तर देतो हे नीट समजून घ्यावं लागतं. मांसाहारी पदार्थ म्हणजे काय, याची कायद्यात व्याख्या आहे. कुठल्याही प्राण्याचा, पक्ष्याचा, माशाचा किंवा कीटकाचा भाग, अंडी, प्राण्यापासून मिळणारं काहीही, हे सगळं तिच्यात येतं. मग त्याच व्याख्येत काही गोष्टी वगळल्या आहेत: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक. कार्नोबा मेण ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरचं असतं, तिथे प्रश्नच नाही. शेलॅक मात्र लाखेपासून होतं, आणि लाख हा झाडाच्या फांदीवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. चकचकीत गोळ्यांवर आणि चॉकलेटचं आवरण दिलेल्या दाण्यांवर जो तुकतुकीत थर असतो, तो पुष्कळदा शेलॅकचा असतो. यादीत तो 'ग्लेझिंग एजंट (आयएनएस ९०४)' म्हणून येतो. पाकिटावर हिरवा ठिपका असतो आणि तो पूर्णपणे कायदेशीर असतो.

आमच्या एका जैन आजींना हे चालत नाही. मधही चालत नाही. त्यांच्या दृष्टीने दोन्हीकडे जिवांची हिंसा आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. कायद्याने देशभरासाठी एक रेघ ओढली. आजींची रेघ त्यांच्या धर्माने आणि आयुष्यभराच्या सवयीने ओढली आहे. त्यांच्या ताटात काय जाईल हे त्यांच्या रेघेवरून ठरलं पाहिजे. 'ताई, ठिपका हिरवा आहे ना?' असं सामान आणणारा मुलगा विचारतो, तेव्हा त्याचंही चुकत नाही. फक्त त्याच्याकडे ठिपक्याचं उत्तर असतं आणि माझ्यासमोर आजींचा प्रश्न असतो.

म्हणून पाकीट वाचण्याआधी नियम लिहून काढायचा, ही आमच्या कोठीची पहिली शिस्त. तोंडी नियमावर कुणाचं पाकीट परत पाठवता येत नाही. आमच्याकडे कपाटाच्या दारावर जाड कागदाची तीन कार्डं लावली आहेत. पहिलं सगळ्या स्वयंपाकघराचं: अंडं नाही, जिलेटिन नाही, प्राण्याची चरबी नाही, मध आणि शेलॅक चालेल. दुसरं जैन जेवणाचं: वरचं सगळं, शिवाय कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं नाहीत, मध नाही, ९०१ आणि ९०४ हे क्रमांक नाहीत. तिसरं 'साखर न घातलेलं', ते आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी करून दिलं आहे. त्यात साखरेबरोबर गूळ, मध, काकवी, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट, खजुराची पेस्ट आणि माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं ओळीने आहेत. माल्टोडेक्स्ट्रिन कायद्याच्या हिशेबात साखर धरली जात नाही, त्यामुळे ते घातलेल्या पावडरीवर 'अॅडेड शुगर ०' असं खरंखरं छापलेलं असू शकतं. पण ते पचतं झटकन आणि रक्तातली साखर वाढवतं, म्हणून बाईंनी ते कार्डावर घेतलं. आमचं कार्ड कायद्यापेक्षा कडक आहे आणि तसं ते खाली लिहूनही ठेवलं आहे, म्हणजे पुरवठादाराशी बोलताना आपण कायद्याचा भंग म्हणतोय की आमच्या अटीचा, याचा घोळ होत नाही.

सामान आलं की चलनावर सही करण्याआधी तपासणी. एका खोक्यात दोन बॅचची पाकिटं सर्रास निघतात, म्हणून प्रत्येक बॅच नंबरचं एक पाकीट बाहेर काढते. खिडकीजवळ भिंग घेऊन बसते. कित्येक पुड्यांवरची अक्षरं मोहरीएवढी असतात. वाचायचा क्रम ठरलेला आहे. आधी अॅलर्जीची ओळ, 'कन्टेन्स' म्हणून यादीच्या खाली असते ती. अंडं, मासे, दूध, सोया, दाणे, गहू यांतलं काही असेल तर ते इथे सांगणं बंधनकारक आहे, त्यामुळे अंडं असेल तर सगळ्यात लवकर इथेच सापडतं. मग यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून पहिल्या चार-पाच नावांत पदार्थाचा खरा चेहरा दिसतो. 'टोमॅटो सूप'च्या पावडरीत टोमॅटोच्या आधी साखर आणि मक्याचा स्टार्च आला की ते सूप कशाचं आहे हे कळतं. त्यानंतर कंसातलं. कंसात फार काही दडलेलं असतं: 'चोको चिप्स (साखर, कोको...)', 'टुटीफ्रुटी (पपई, साखर...)'. पण मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक लिहिण्याची सक्ती नसते, फक्त त्यातली अॅडिटिव्ह लिहावी लागतात. म्हणजे कंस नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. शेवटी क्रमांक.

क्रमांकांची लोकांना जितकी भीती वाटते तितकी मला वाटत नाही. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. ३३० सायट्रिक अॅसिड. ४१५ झँथन गम. ही रोजची माणसं. लक्ष ठेवायचं ते ज्यांचा उगम दोन्हीकडून असू शकतो त्यांच्यावर. ४७१ हा इमल्सिफायर वनस्पती तेलातूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीतूनही. ६३१, म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, नूडल्सच्या मसाल्यात आणि चिप्सवर चव वाढवायला घालतात. तो मासे किंवा मांसापासून काढता येतो, आणि कसावा किंवा साखर आंबवूनही करता येतो. क्रमांक दोघांचा एकच. डिसेंबर २०२१ मध्ये एका गोरक्षक संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने याच ६३१चं उदाहरण घेतलं, आणि घटकांचा नुसता कोड न देता तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हेही उघड करावं, असं सांगितलं. घटक किती कमी प्रमाणात आहे यावर पदार्थ शाकाहारी ठरत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. मला त्या निकालाचा फार आधार वाटतो. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात ६३१ दिसला तर तो वनस्पतीचाच असला पाहिजे, ही जबाबदारी कंपनीची. तरीही जैन कार्डासाठी मी कंपनीकडून उगमाचं पत्र मागते आणि ते फायलीत लावते. चांगल्या कंपन्या ते देतात, काही जणी तर एका दिवसात देतात.

बाहेरच्या देशातून आलेलं पाकीट असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. आयात केलेल्या मालावर शाकाहाराचा ठिपका, आयातदाराचं नाव आणि परवान्याचा क्रमांक इथे आल्यावर स्टिकरने लावायची मुभा आहे. तो स्टिकर पुष्कळदा मूळ यादीच्या काठावर किंवा थेट तिच्यावरच बसलेला असतो. मी तो नखाने हळूच उचलून खालचं वाचते. एका आजोबांचा मुलगा न्यू जर्सीहून खाऊचं पार्सल पाठवायचा. तिथल्या पाकिटांवर असा ठिपका नसतोच, त्यामुळे आजोबा यादी माझ्याकडून वाचून घेत. साखरेचा पांढरा थर दिलेल्या गव्हाच्या एका न्याहारीच्या डब्यात यादीच्या शेवटी जिलेटिन होतं. गव्हाच्या पदार्थात जिलेटिन असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. तो थर चिकटून राहावा म्हणून घातलेलं असतं. तो डबा परत पाठवायची सोय नव्हती. आजोबांनी तो आमच्या मावशींच्या नातवाला दिला आणि मुलाला फोनवर सांगितलं, यापुढे मला विचारून पाठव.

आता साखरेचं. शाकाहाराचं उत्तर निदान हो किंवा नाही असं असतं. साखरेत मात्र छापलेला प्रत्येक शब्द खरा असूनही पाकीट माणसाची दिशाभूल करू शकतं. एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातच या कामाचा सगळा कस लागला.

नवीन पुरवठादाराने 'नो अॅडेड शुगर' लिहिलेल्या खजूर-ओट्सच्या वड्या आणल्या. प्रत्येकी ४० ग्रॅमची एक, चार खोकी. पुढच्या बाजूला हिरवी पानं, बदामाचं चित्र आणि तो दावा मोठ्या अक्षरात. मागे यादी अशी: खजुराची पेस्ट ३२ टक्के, ओट्स २४ टक्के, सफरचंदाच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट, शेंगदाणे, बदाम, सोया प्रोटीन, सूर्यफुलाचं तेल, लेसिथिन (३२२). खालच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे एकूण साखर ३३ ग्रॅम आणि अॅडेड शुगर ० ग्रॅम.

पाहताक्षणी खटकले ते हे दोन आकडे. एकूण साखर ३३ आणि वरून घातलेली शून्य, म्हणजे ती सगळी मूळच्या घटकांतली असायला हवी. मी वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. खजुराच्या पेस्टमध्ये साधारण दोन तृतीयांश भाग साखर असते. ३२ टक्के पेस्ट म्हणजे १०० ग्रॅम वडीत २१ ग्रॅमच्या आसपास साखर तिची. ओट्स, दाणे, बदाम, सोया यांच्यात साखर नगण्य; सगळ्यांची मिळून दोन ग्रॅम धरली. झाले २३. उरले दहा ग्रॅम. यादीत आता एकच घटक राहतो ज्यात एवढी साखर असू शकेल, आणि तो म्हणजे सफरचंदाच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट. तोही दोन तृतीयांशाच्या आसपास साखरच असतो. दहा ग्रॅम साखरेसाठी तो सुमारे १५ टक्के घातला असला पाहिजे. यादीत तो २४ टक्क्यांच्या ओट्सनंतर आणि शेंगदाण्यांच्या आधी आला आहे, त्याच्याशी हा आकडा अगदी जुळतो.

म्हणजे १०० ग्रॅम वडीत दहा ग्रॅम साखर अशी आहे की जी गोडव्यासाठीच घातली आहे, फक्त ती सफरचंदातून आली म्हणून तक्त्यात शून्य लिहिलं आहे. आपल्याकडे २०१८ पासून दाव्यांचे आणि जाहिरातींचे नियम आहेत. साखर घातलेली नाही असं म्हणायचं असेल तर नुसती साखर न घालणं पुरत नाही. साखरेच्या बदली काम करणारा गोड घटकही घातलेला चालत नाही. ज्यूस कॉन्सन्ट्रेट त्यात थेट बसतो, आणि माझ्या मते खजुराची पेस्टही, कारण खजूर पेस्ट करून मुख्य गोडवा म्हणून वापरला आहे.

आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने? ४० ग्रॅमची एक वडी, त्यात १३ ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा चार ग्रॅमचा धरला तर तीन चमच्यांहून जास्त. चारच्या चहाला बिनसाखरेचा चहा मागणारे आमचे आजोबा, पुढच्या बाजूचं वाक्य वाचून, हसत हसत दोन वड्या खातील आणि संध्याकाळी मीटरवरचा आकडा पाहून रात्रीची पोळी कमी करतील. त्यांच्या रात्रीच्या जेवणावर गदा आणणारी ती वडी होती. मला राग आला तो याचा.

पुरवठादाराचा माणूस समजूतदार होता. म्हणाला, 'ताई, ही तर फळाचीच साखर. आणि खजूर तुम्ही नाश्त्याला देताच की.' प्रश्न योग्य होता, म्हणून मी आहारतज्ज्ञ बाईंनाच बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, 'खजूर मी दोन मोजून देते. ते ज्याच्या त्याच्या तक्त्यात धरलेले असतात आणि त्याची पोळी त्या हिशेबाने ठरते. ही वडी हिशेबाबाहेरची म्हणून खाल्ली जाणार. तुम्ही पुढचं वाक्य काढा, मी ती तक्त्यात धरून देईन.' पुढचं वाक्य काढणं अर्थातच त्याच्या हातात नव्हतं. चारही खोकी परत गेली.

परत पाठवणं रागाच्या भरात करायचं काम नव्हे. त्याचा कागद नीट झाला तरच ते टिकतं. आम्ही चलनावर सही करताना 'तपासणीच्या अधीन' असा शिक्का मारतो, म्हणजे माल उतरवून घेतला यावरून तो स्वीकारला असा अर्थ निघत नाही. परतीच्या चलनावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कंपनीचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि एका ओळीत कारण लिहायचं. कारणात 'आरोग्याला अपायकारक', 'फसवणूक' असले शब्द कधीच लिहायचे नाहीत. ते सिद्ध करणं आपलं काम नाही आणि तसं लिहिलं की समोरचा भांडायला उभा राहतो. त्या दिवशी मी लिहिलं: 'घटक क्र. १ व ३, संस्थेच्या साखर न घातलेल्या पदार्थांच्या यादीत बसत नाहीत.' सोबत मागच्या बाजूचा फोटो, घटकांची ओळ ठळक दिसेल असा. फोडलेली पाकिटं कुणी घेत नाही, म्हणून प्रत्येक बॅचचं एकच पाकीट काढायचं आणि तेही शक्यतो न फोडता. पुरवठादाराने क्रेडिट नोट दिली की ती बिलाला जोडून हिशेबाकडे पाठवायची. ती येईपर्यंत त्या बिलाचा तेवढा भाग थांबवून ठेवायचा. कंपनीला मी वेगळं पत्र पाठवलं, त्यात मात्र दाव्याचा आणि २०१८च्या नियमांचा उल्लेख केला. पुरवठादाराकडे आमची अट आणि कंपनीकडे कायदा, हे दोन कागद मी एकमेकांत मिसळत नाही.

साखर कार्डावर 'रिफाइंड साखर नाही' असं ठळक छापलेली पाकिटं सगळ्यात जास्त अडतात. त्यांच्यात गूळ असतो, नारळाची साखर असते. गूळ चांगला आहे, मी स्वतः गुळाचा चहा पिते, पण मधुमेहाच्या कार्डावर तो साखरच आहे. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही. हा आकडा स्पष्ट असल्याने ती पाकिटं तपासणं सोपं असतं. तिथे मी माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल बघते. साखर नसते, पण जास्त खाल्लं की पोट बिघडतं, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला जुलाब होणं ही किरकोळ गोष्ट नसते.

दुसरा प्रसंग जैन कार्डाचा. मेथी खाकरा आम्ही बराच काळ एकाच ठिकाणाहून घेत होतो. यादी पाठ झाली होती: गव्हाचं पीठ, तेल, मेथी, मिरची, हळद, जिरं, मीठ. एका खेपेला पाकिटाचा चेहरा तोच, रंग तोच, किंमत तीच, आणि मागे मिरची-हळद-जिऱ्याच्या जागी फक्त 'मसाले आणि कॉन्डिमेंट्स'. इतके सरळ शब्द दिसल्यावर बहुतेक जण पुढे जातात. पण आपल्या नियमांत मसाल्यांना असं एकत्र नाव द्यायची परवानगी आहे, आणि त्या नावाखाली लसूण पावडर, कांदा पावडर येऊ शकते. शाकाहारी माणसाला काहीच फरक पडत नाही. जैन आजींना सगळा फरक पडतो.

मी तो माल परत पाठवला नाही, थांबवला. कोठीत खालचा एक कप्पा यासाठीच आहे. तिथे ठेवलेल्या वस्तूवर तारीख आणि प्रश्न लिहिलेली चिठ्ठी असते, आणि तोवर ती स्वयंपाकघराच्या कुणालाही दिली जात नाही. खाकऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मसाल्यात लसूण आहे का?' कंपनीला फोन केला तर तिथल्या बाईंनी 'आमचा माल शुद्ध शाकाहारी आहे' हेच तीन वेळा सांगितलं. म्हणून लेखी विचारलं, आणि प्रश्न एवढाच ठेवला: 'या बॅचमध्ये लसूण किंवा कांदा कुठल्याही रूपात आहे का?' आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं. मसाला आता बाहेरून तयार घेतला जातो, आणि त्यात लसूण पावडर आहे. ती पाकिटं जैन कार्डातून निघाली. बाकीच्यांना ती छान लागतात, म्हणून तेवढी साध्या नाश्त्याकडे वळवली. आजींसाठी दुसरीकडून 'कांदा-लसूण नाही' असं छापलेले खाकरे मागवले, आणि त्यांचीही यादी वाचली.

पाठ झालेल्या पाकिटाची यादीही प्रत्येक खेपेला वाचण्याचं कारण हे. तेल बदलतं, मसाल्याचा पुरवठा बदलतो, दूध पावडरीच्या जागी व्हे येतं, आणि पुढच्या बाजूला त्याची काहीही खूण नसते. मी प्रत्येक वस्तूच्या मागच्या बाजूचा फोटो तारखेसह ठेवते आणि नवीन बॅच आली की जुन्या फोटोशी ओळ ओळ ताडून बघते. नवं शिकणाऱ्या मुलींनाही मी हेच आधी शिकवते. फरक शोधायला बसलं की डोळा जागा राहतो. नुसतं वाचायला बसलं की चौथ्या पाकिटापासून डोळा पुढे सरकतो.

काही गोष्टी यादी वाचून कळतच नाहीत. 'मे कन्टेन एग' म्हणजे त्याच कारखान्यात अंड्याचाही पदार्थ होतो आणि थोडा अंश मिसळू शकतो. पाकिटावर ठिपका तरीही हिरवाच असू शकतो. आम्ही बैठक घेऊन ठरवलं की सगळ्या स्वयंपाकघरासाठी हे चालेल, जैन कार्डासाठी नाही. चीजमध्ये रेनेट कशाचं आहे, 'फ्लेवर' कशात विरघळवला आहे, हे पाकिटावर क्वचितच असतं. पत्रानेच विचारावं लागतं. उत्तर आलं नाही तर ती वस्तू कार्डात बसत नाही असंच आम्ही धरतो. पुरवठादारांना हे सुरुवातीला अन्यायाचं वाटलं. माझं म्हणणं त्यांना एवढंच असतं की ज्यांच्यासाठी मी वाचते त्यांच्यापैकी अनेकांना स्वतः वाचता येत नाही. त्यांनी ताटातलं खाल्लं ते माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून. 'माहीत नाही' हे उत्तर मी त्यांच्या ताटात वाढू शकत नाही.

वड्यांच्या प्रसंगानंतर आमची पद्धत एका बाबतीत बदलली. आता ऑर्डर देण्याआधीच पुरवठादार मागच्या बाजूचा फोटो पाठवतो, आणि मी तिन्ही कार्डांवर ताडून होकार दिल्यावरच खोकी निघतात. परतीचा टेम्पो, हमाली, क्रेडिट नोटची वाट, हे सगळं वाचतं. फोटो आणि आलेला माल यांत फरक निघाला तर मात्र परतीचा खर्च त्याचा, असं आम्ही लिहून घेतलं आहे. त्या वड्यांच्या कंपनीकडून माझ्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. मी दुसरं पत्र पाठवलं आहे आणि या वेळी त्याची प्रत अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही दिली आहे.